शब-ए-मेराज: २६, २७ की २८ जानेवारी? रज्जबच्या सत्ताविसाव्या रात्रीचा हिशेब

संध्यातारा (धागाकर्ता)
हिजरी १४४६ च्या शब-ए-मेराजसाठी तीन वेगवेगळ्या नोंदी समोर आहेत. एका दिनदर्शिकेत रविवार २६ जानेवारी २०२५ छापले आहे, दुसरीत सोमवार २७, आणि तिसरीत "२७ रज्जब" मंगळवार २८ च्या चौकटीत आहे. मागच्या-पुढच्या वर्षांचा एक तक्ता करायचा आहे, म्हणून नेमकी रीत हवी. रज्जबची सत्तावीस तारीख कशी काढतात? आणि तिघांपैकी चूक कोण?

अर्धचंद्र
सोपे आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान असते, तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखेतून ११ वजा करा. १४४५ ची २७ रज्जब भारतात ८ फेब्रुवारी २०२४ ला होती. त्यातून ११ गेले की २८ जानेवारी २०२५. बाकी दोन्ही छापखान्याच्या चुका.

पंचांगवाला
अर्धचंद्र, भारतापुरते तुमचे उत्तर बरोबर आले आहे, पण रीतीने नव्हे, नशिबाने. २०२४ हे लीप वर्ष होते. ८ फेब्रुवारी २०२४ ते ८ फेब्रुवारी २०२५ हे ३६६ दिवस. त्यातून ११ काढले की ३५५ उरतात, ३५४ नाही. म्हणजे नकळत तुम्ही ३५५ दिवसांचे हिजरी वर्ष धरलेत. भारतात त्या वर्षी दोन रज्जबांमधले अंतर ३५५ च भरले, म्हणून बेरीज जुळली. सौदीत १४४५ ची २७ रज्जब ८ फेब्रुवारी २०२४ लाच होती, पण १४४६ ची २७ जानेवारीला आली. तिथे अंतर ३५४ होते. तुमची वजाबाकी तिथे एका दिवसाने चुकली असती.

संध्यातारा, तिघांपैकी चूक बहुधा कुणाचीच नाही. तुमच्या तीन तारखांत दोन वेगळे गोंधळ एकमेकांत गुंतले आहेत. एक रात्रीचा, दुसरा महिना कधी लागला याचा. आधी रात्रीचा सोडवू, कारण नव्वद टक्के भांडणे तिथेच मिटतात.

हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते. रात्र आधी, दिवस नंतर. "सत्ताविसावी शब" म्हणजे २७ रज्जबच्या दिवसाच्या *आधीची* रात्र, २६ रज्जबचा सूर्य मावळला की सुरू होणारी. भारतात २७ रज्जब १४४६ चा दिवस मंगळवार २८ जानेवारी, म्हणून शब-ए-मेराज सोमवार २७ च्या मगरीबपासून मंगळवारच्या पहाटेपर्यंत. तेव्हा "सोमवार २७" लिहिणारा रात्र सांगतो आहे आणि "मंगळवार २८" लिहिणारा दिवस. दोघे एकच गोष्ट म्हणत आहेत, फक्त शेजारी लिहायला हवे होते ते कुणी लिहिले नाही.

बोरूबहाद्दर
आपल्याकडे तिथी सूर्योदयाची धरतात, त्यामुळे डोक्यात हे उलटेच बसते. फोनवरची हिजरी तारीख पाहून ठरवले तर चालेल ना?

पंचांगवाला
तिथेच घसरते. बहुतेक फोन आणि ॲप हिजरी तारीख मध्यरात्री बदलतात. भारतासाठी नीट लावलेला फोन २७ जानेवारीला संध्याकाळी सात वाजता "२६ रज्जब" दाखवत होता, आणि शब तर सुरू झालेली होती. मध्यरात्रीनंतर "२७" दिसले. मग पाहणारा म्हणतो, सत्तावीस मंगळवारी आहे ना, मग मंगळवारी रात्री जागू. मंगळवारच्या मगरीबला अठ्ठावीस लागलेली असते. साधा नियम लक्षात ठेवा: संध्याकाळी तुमच्या फोनवर २६ दिसत असेल तर तीच रात्र. २७ दिसत असेल आणि सूर्य मावळला असेल तर रात्र होऊन गेली.

दुसरी खोड त्या +१ आणि −१ च्या सेटिंगची. एखाद्या महिन्याला स्थानिक चाँदाशी जुळवण्यासाठी −१ केले की ते पुढच्या महिन्यांनाही तसेच लागू राहते. पुढच्या महिन्यात दोन्ही पद्धती आपोआप जुळल्या तरी फोन एक दिवस मागेच धावतो. रज्जब लागताना ते सेटिंग पुन्हा तपासायलाच हवे.

सलाम_वालेकुम
भाऊ, माझा एकच प्रश्न. त्या दिवशीचा रोजा सोमवारी की मंगळवारी?

जुनी_वही
सलामभाई, धागा तारखेचा आहे, पण उत्तर तारखेतच आहे. रोजा दिवसाचा असतो. भारतातल्या हिशेबाने २७ रज्जबचा दिवस मंगळवार २८ जानेवारी, म्हणून ठेवणारे मंगळवारी ठेवतात, आधीच्या रात्रीच्या इबादतीनंतर. तो नफल आहे, फर्ज नाही. खास या तारखेचा म्हणून ठेवावा का, यावर उलेमांत मतभेद आहेत. ते तुमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारा, इथे त्यावरून धागा भरकटेल.

संध्यातारा
२७ आणि २८ चा उलगडा झाला, पंचांगवाला काका. मग २६ जानेवारी कुठून आला?

पंचांगवाला
आता दुसरा गोंधळ, महिना कधी लागला त्याचा. इथे एकच गोष्ट मुळातून समजून घ्या. रज्जब वर्षातला सातवा महिना. त्याच्या आधी मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर असे सहा. गणिती हिजरी पद्धतीत महिने आळीपाळीने ३० आणि २९ दिवसांचे धरतात, त्यामुळे पहिल्या सहांचे १७७ दिवस होतात आणि २७ रज्जब हा वर्षाचा नेहमी २०४ वा दिवस. वाढीव दिवस येतो तो जिल्हेजच्या शेवटी, ३० वर्षांत ११ वेळा. म्हणून रज्जबला त्या वर्षीच्या लीपचा काही फरक पडत नाही, मागच्या वर्षीच्या लीपचा पडतो.

आता १४४६ चा हिशेब करून पाहा. हिजरी सनाचा पहिला दिवस १६ जुलै ६२२ धरला तर १ मोहरम १४४६ येतो ८ जुलै २०२४ ला. त्यात २०३ दिवस मिळवा (पहिला दिवस धरलेलाच आहे), की २७ जानेवारी २०२५. भारतातही मोहरम ८ जुलैलाच लागला होता. तरी २७ रज्जब २८ ला गेली. का? कारण प्रत्यक्ष चाँदाने पहिले सहा महिने १७७ दिवसांत उरकले नाहीत. ८ जुलै ते २ जानेवारी, म्हणजे भारतातल्या १ रज्जबपर्यंत, १७८ दिवस भरतात. याचा अर्थ त्या सहांत चार महिने ३० चे आणि दोन २९ चे होते. रबिलावलची पहिली ५ सप्टेंबरला होती, बारावी १६ सप्टेंबरला, म्हणजे तोवर ३० आणि २९ मिळून ५९ झाले होते. तोपर्यंत प्रत्यक्ष चाँद आणि गणित एकाच पावलाने चालत होते. वाढीव दिवस नंतरच्या चार महिन्यांत शिरला.

अर्धचंद्र
पण चंद्राची गती तर ठरलेली असते. अमावास्येपासून मोजले तर सगळीकडे एकच उत्तर यायला हवे.

पंचांगवाला
अमावास्या सगळीकडे एकाच क्षणी होते, पण महिना अमावास्येला लागत नाही, कोर दिसली की लागतो. रज्जब १४४६ ची अमावास्या ३१ डिसेंबर २०२४ ला भारतीय वेळेनुसार पहाटे ३ वाजून ५७ मिनिटांनी झाली. त्याच दिवशी मुंबईत सूर्य सव्वासहाच्या आत मावळला, तेव्हा चंद्राचे वय जेमतेम १४ तास. इतक्या कोवळ्या चंद्राला उघडे डोळे पकडू शकत नाहीत. तो सूर्याच्या इतका जवळ असतो की संधिप्रकाशातच विरघळतो, आणि संधिप्रकाश ओसरेपर्यंत मावळतो. १ जानेवारीच्या संध्याकाळी वय ३८ तास झाले, कोर ठसठशीत. म्हणून भारतात २ जानेवारी ही पहिली रज्जब.

सौदीचे उम्म अल-कुरा कॅलेंडर वेगळी अट लावते. मक्केत सूर्यास्ताआधी अमावास्या होऊन गेलेली असावी आणि चंद्र सूर्यानंतर मावळावा, एवढेच. कोर दिसायलाच हवी असे नाही. ३१ डिसेंबरला मक्केच्या सूर्यास्ताला चंद्र सुमारे १६ तासांचा होता, अट पुरी झाली. म्हणून तिथे १ जानेवारी ही १ रज्जब, २७ रज्जब सोमवार २७ जानेवारी, आणि शब रविवार २६ ची. तुर्कस्तानातही त्याच रविवारी रात्री मिराच कंदिली होती. तुमच्या पहिल्या दिनदर्शिकेने बहुधा हीच रात्र छापली असावी.

मिसरी_तारीख
किंवा नसेलही. बोहरा समाजाच्या मिसरी कॅलेंडरात १४४६ ची २७ रज्जबच मुळी २६ जानेवारीला आहे, दिवस म्हणून. रात्र २५ ची. या कॅलेंडरात चाँद पाहणे नाही, तारखा फातेमी काळापासून ठरलेल्या गणितावर चालतात. महिने ३० आणि २९ चे तेच, फक्त सनाचा पहिला दिवस १५ जुलै ६२२ धरतात, म्हणून वर काकांनी मांडलेल्या हिशेबापेक्षा एक दिवस आधी. त्याच कारणाने त्या वर्षी आमचा रमजान २८ फेब्रुवारीला लागला. ३० वर्षांतली लीप वर्षे कुठली, यातही थोडा फरक आहे, पण १४४६ पर्यंत त्याने काही बिघडत नाही. आणि आमच्याकडे हा दिवस मबअसचा, म्हणजे नबुव्वत जाहीर झाल्याचा मानतात.

पंचांगवाला
मिसरी_तारीख यांचे बरोबर आहे, ही बाजू माझ्याकडून राहिली होती. तेव्हा संध्यातारा, २६ लिहिणाऱ्याने दिवस म्हटले आहे की रात्र, हे दिनदर्शिकेत पाहा. दिवस असेल तर मिसरी, रात्र असेल तर उम्म अल-कुरा किंवा तिच्या जवळची गणना. एकाच सत्तावीस रज्जबचे तीन दिवस, २६, २७ आणि २८, आणि प्रत्येकाच्या आदली एक रात्र.

बोरूबहाद्दर
मग चाँद पाहणाऱ्यांचा तक्ता आधी करताच येणार नाही?

जुनी_वही
अंदाज करता येतो, निश्चिती नाही. जमादिलाखरच्या २९ तारखेला मगरीबनंतर पाहायचे. दिसला तर रज्जब लागली. नाही दिसला, किंवा ढग आले आणि कुठून साक्षही आली नाही, तर तीस पुरे करायचे. तिसाव्याला मग कुणी पाहत नाही, एकतिसावा दिवस नसतोच. रमजानसाठी ढगाळ आकाशात हनफी मताने एका भरवशाच्या माणसाची साक्ष पुरते, बाकी महिन्यांना दोन साक्षीदार लागतात. लोक रज्जबच्या चाँदाकडे रमजानइतके डोळे लावून बसत नाहीत, त्यामुळे साक्षी कमी येतात आणि तीस पुरे करायची वेळ जास्त येते.

याचा धक्का पुढे बसतो. रज्जब एक दिवस उशिरा धरली आणि शाबानचाही चाँद दिसला नाही म्हणून रज्जबचे तीस मोजले, तर शाबान उशिरा, मग शब-ए-बारातही उशिरा. शाबानच्या २९ ला खरा चाँद आदल्याच संध्याकाळी दिसून गेलेला असतो. अशा वेळी अठ्ठाविसाव्यालाच चाँद उगवलेला सापडतो, आणि तेव्हा कळते की मागे कुठेतरी एक दिवस चुकला होता.

बोरूबहाद्दर
सामान्य माणसाला हातातली तारीख बरोबर आहे की नाही कशी कळेल?

पंचांगवाला
मराठी पंचांग उघडा. कोर अमावास्येनंतर साधारण शुद्ध प्रतिपदा-द्वितीयेला दिसते, पंचांगात त्या दिवशी "चंद्रदर्शन" लिहिलेले असते आणि बऱ्याचदा पुढेच मुसलमानी महिन्याचा आरंभही दिलेला असतो. त्यामुळे सत्ताविसावा दिवस वद्य त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास पडतो. १४४६ मध्ये २८ जानेवारीला पौष वद्य चतुर्दशी होती आणि २९ ला अमावास्या. कुठे २७ रज्जब वद्य दशमीला छापली असेल तर ती चूक, मतभेद नव्हे. डोळ्यांनीही तपासता येते. या रात्री संध्याकाळी आकाशात चंद्र नसतो. फार तर पहाटे पूर्वेला एक झिजलेली कोर दिसते. संध्याकाळी पश्चिमेला चंद्र दिसला, तर ती रात्र सत्ताविसावी नाही.

पडताळा
इतका खल कशासाठी? २७ रज्जबलाच मेराज झाली असे कुठे ठरले आहे? हा सगळा हिशेब एका न ठरलेल्या तारखेचा चालला आहे.

जुनी_वही
पडताळा, धाग्याचा प्रश्न वेगळा होता, पण तुमचा मुद्दा खोटा नाही. कुराणात सूरह इस्राच्या पहिल्या आयतीत रात्रीच्या प्रवासाचा उल्लेख आहे, सूरह नज्ममध्येही वर्णन आहे, पण महिना आणि तारीख दोन्हीकडे नाही. जुन्या विद्वानांत कुणी रबिलावल म्हणतो, कुणी रबिलाखर, कुणी रमजान, कुणी रज्जब. इमाम नववी यांनी सहीह मुस्लिम या हदीससंग्रहाच्या भाष्यात रबिलाखरच्या सत्ताविसाव्याचे मत घेतले आहे. सत्तावीस रज्जब रूढ झाली, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच पाळतात. शिया परंपरेत ही तारीख मबअसची आहे, वर मिसरी_तारीख यांनी लिहिलेच.

माझी पुस्ती अशी की, तारीख रज्जबची मानली तरी तिला ६२१ सालची इंग्रजी तारीख देणारे लेख वाचले की हसू येते. हिजरी सन उमरच्या काळात, हिजरी १७ मध्ये, ठरला. त्याआधी मक्केत नसी चालत असे, आपल्या अधिक मासासारखी, अधूनमधून एक महिना घुसवून किंवा पवित्र महिना पुढे ढकलून. ती बंद झाली दहाव्या हिजरी सालातल्या अखेरच्या हजच्या वेळी. मेराज त्याच्या बरीच आधीची. मधे किती महिने घुसवले गेले याची नोंद नाही. मग मागे गणिताने जाऊन "अमुक मार्चची रात्र" म्हणणे म्हणजे मोजलेल्या दोरीचे टोक हातात नसताना गाठ कुठे आहे सांगणे.

पडताळा
नसी म्हणजे फक्त महिना पुढे ढकलणे होते, वाढीव महिना घालणे नव्हे, असेही मत आहे. तेव्हा अधिक मासाशी तुलना एवढ्या खात्रीने करू नका.

जुनी_वही
मत आहे, मान्य. अल-बिरूनी वाढीव महिन्याच्या बाजूचा, इतर काही लेखक ढकलण्याच्या. पण दोन्हींत तारखा मागे नेणे तितकेच अडचणीचे आहे.

परदेशी_पाहुणा
माझी गंमत वेगळी आहे. २६ जानेवारीला रात्री जेद्दाहमध्ये शब-ए-मेराज झाली. २७ ला दिवसा विमानाने मुंबईत उतरलो तर संध्याकाळी पुन्हा तीच सत्ताविसावी रात्र. आता धरायची की नाही?

पंचांगवाला
तुमच्या हातात दोन सत्तावीस रज्जब आल्या, हे हिशेबाने खरे आहे. ठिकाण बदलले की त्या ठिकाणचा महिना लागू होतो, असे बरेच जण म्हणतात. इबादत दोनदा केली तर नफलीला काही तोटा नाही. पण एका ठिकाणचा चाँद दुसऱ्या ठिकाणी चालतो की नाही, हा वाद फार जुना आहे, आणि तो रोजा-ईदेला जास्त चटका देतो. इथे मी निकाल देणार नाही.

अर्धचंद्र
मग माझे ११ दिवस टाकून द्यायचे का?

पंचांगवाला
अंदाजाला ठेवा, फक्त पुढच्या-मागच्या एका दिवसाची जागा सोडून. संध्यातारा, तक्त्यात प्रत्येक वर्षापुढे चार रकाने करा: गणिती तारीख, प्रत्यक्ष १ रज्जब, २७ रज्जबचा दिवस आणि आदली रात्र. दुसरा रकाना चाँद दिसेपर्यंत रिकामाच ठेवा, पेन्सिलनेही भरू नका. शेवटच्या रकान्याचे शीर्षक "सूर्यास्तापासून" असे द्या, म्हणजे फोन पाहून कुणी फसणार नाही.

संध्यातारा
केला. गणिती रकान्यात २०२६ पुढे १६ जानेवारी आला. २०२७ मध्ये मात्र ६ जानेवारी आणि २६ डिसेंबर असे दोन दिवस दिसत आहेत. चूक झाली का?

पंचांगवाला
नाही. १४४८ ची सत्तावीस रज्जब जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४४९ ची डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. १४४७ हे गणिती हिशेबात लीप वर्ष, म्हणून पहिल्या टप्प्यात ३५५ दिवस आणि दुसऱ्यात ३५४. एक दिवस इकडे-तिकडे झाला तरी दोन्ही २०२७ मध्येच राहतील. तक्त्यात २०२७ पुढे दोन ओळी घाला.